अँग्री ऑन की अँग्री विथ? विशेषण-क्रियापदापुढचं प्रीपोझिशन अचूक निवडण्याची पद्धत

'बॉस माझ्यावर रागावलाय' हे इंग्रजीत सांगताना 'अँग्री ऑन मी' तोंडातून निघून जातं, कारण डोक्यात 'वर' असतो. 'ती गणितात हुशार आहे' म्हणताना 'गुड इन मॅथ्स' होतं, आणि 'हा कपडा नमुन्यापेक्षा वेगळा आहे' म्हणताना 'डिफर्स दॅन'. काळ, वचन, वाक्यरचना नीट जमणारी माणसंही इथे घसरतात. मग शंभर-दोनशे शब्दांची यादी पाठ करायला घेतात. यादी पाठ होते, पण पत्र लिहायला बसलं की कामाला येत नाही. ती इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली असते आणि आपली चूक मराठी प्रत्ययातून उगवते. म्हणून इथे यादी देत नाही, ठरवायचं कसं ते सांगतो. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. पहिल्या दोन पायऱ्या वगळून थेट 'कोणतं लावू' या प्रश्नावर आलात, की मुळात काहीच लावायचं नसतं तिथेही काहीतरी लावून बसाल.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'ऑव्ह' लिहिलंय ते एका एफचं, 'अफ्रेड ऑव्ह'मधलं. दोन एफचं 'ऑफ' वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

## तयारी: आपले गुन्हेगार प्रत्यय ओळखा

मराठी माणसाच्या बहुतेक चुका पाच प्रत्ययांतून येतात: वर, शी, ला, त आणि पेक्षा. शाळेत आपण 'वर म्हणजे ऑन, शी म्हणजे विथ, ला म्हणजे टू, त म्हणजे इन' असं शिकलो. टेबलावरचं पुस्तक आणि पेटीतले कपडे यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण रागावणं, विश्वास ठेवणं, हसणं, खूश होणं अशा क्रियांपुढे हे गणित बसत नाही.

'वर' एकटाच काय काय करतो ते बघा. 'त्याच्यावर अवलंबून' म्हणजे 'डिपेंड ऑन हिम'. हे सरळ जुळतं, आणि म्हणूनच आपला गैरसमज पक्का होतो. पण 'त्याच्यावर हसले' म्हणजे 'लाफ्ड ॲट हिम', 'त्याच्यावर खूश' म्हणजे 'प्लीज्ड विथ हिम', 'देवावर विश्वास' म्हणजे 'बिलीव्ह इन गॉड'. 'त्याच्यावर भरवसा' आणि 'तिच्यावर प्रेम' यांना तर काहीच लागत नाही: 'आय ट्रस्ट हिम', 'ही लव्ह्ज हर'. 'शी'चंही तसंच. 'त्याच्याशी सहमत'ला 'ॲग्री विथ', 'त्याच्याशी बोलले'ला 'टॉक टू', 'त्याच्याशी संबंधित'ला 'रिलेटेड टू', आणि 'तिच्याशी लग्न केलं'ला नुसतं 'मॅरीड हर'.

एक वही घ्या आणि तिची पाच पानं या पाच प्रत्ययांच्या नावाने करा. प्रत्येक नवी जोडी ज्या मराठी प्रत्ययामुळे चुकली त्याच्या पानावर जाईल. 'अँग्री विथ' 'वर'च्या पानावर, 'गुड ॲट' 'त'च्या पानावर. चूक होताना मनात प्रत्यय असतो, त्यामुळे शोधायलाही तेच पान उघडाल. वहीशिवाय लागेल ती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. मोबाइलवरची चालेल. इंग्रजी-मराठी कोश या कामाला सहसा पुरत नाही. तो 'अँग्री' म्हणजे 'रागावलेला' एवढं सांगतो, पण कोणावर रागावला असेल तर पुढे काय जोडायचं ते बहुधा सांगत नाही.

## पायरी १: शब्दाची जात ठरवा

आधी बघा, तुमचा शब्द क्रियापद आहे, विशेषण आहे की नाम. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पण एकाच कुळातले हे तीन शब्द वेगवेगळी प्रीपोझिशनं घेतात, आणि एकाचं दुसऱ्याला चिकटवलं की चूक होते.

'डिस्कस' हे क्रियापद काहीच घेत नाही: 'वी डिस्कस्ड द बजेट'. 'डिस्कशन' हे नाम 'अबाउट' किंवा 'ऑन' घेतं: 'अ डिस्कशन अबाउट द बजेट'. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'डिस्कस अबाउट' यातूनच आलंय, नामाचं शेपूट क्रियापदाला लागलं. 'रिक्वेस्ट'ची गोष्ट आणखी फसवी, कारण नाम आणि क्रियापद दिसायला एकच. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक. 'ऑर्डर' तसंच: 'ॲन ऑर्डर फॉर टू डोसे' चालेल, पण 'वी ऑर्डर्ड फॉर टू डोसे' नाही. 'ॲन्सर टू द क्वेश्चन' हे नाम, 'ॲन्सर द क्वेश्चन' हे क्रियापद. 'मॅरी' क्रियापदाला काही नको, पण 'मॅरीड' विशेषण म्हणून आलं की 'टू' लागतं: 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर'. कोणाशी लग्न झालंय ते सांगताना 'मॅरीड विथ' कुठेच नाही.

तपासा: शब्दाच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'हिज' असं काही बसतंय का? बसत असेल तर तो नाम आहे. 'माय रिक्वेस्ट' बसतं, म्हणून 'फॉर' चालेल. 'आय रिक्वेस्ट'मध्ये तो क्रियापद आहे, 'फॉर' काढा.

## पायरी २: मुळात काही लागतं का, ते विचारा

क्रियापद असेल तर 'कोणतं' हे विचारण्याआधी 'लागतं का' हे विचारा. मराठीत कर्माला बहुधा काहीतरी चिकटतंच: स्टेशनला पोचलो, खोलीत शिरलो, आईसारखी दिसते. त्यामुळे इंग्रजीतही रिकामी जागा दिसली की आपला हात शिवशिवतो. 'रीच द स्टेशन', 'एंटर द रूम', 'रिझेंबल हर मदर', 'काँटॅक्ट द ऑफिस', 'लॅक एक्स्पीरियन्स' यांच्या मध्ये काही येत नाही. जोर देणं या अर्थाचं 'एम्फसाइझ'ही मोकळंच जातं. 'एम्फसाइझ ऑन' ही चूक भाषणांत हमखास असते, कारण 'एम्फसिस ऑन' हे नाम ओळखीचं असतं. पुन्हा पहिलीच पायरी चुकलेली.

याच्या उलट काही ठिकाणी लागतं आणि आपण गाळतो. 'लिसन टू मी'मधलं 'टू', 'वेट फॉर मी'मधलं 'फॉर', आणि सगळ्यांत जास्त गाळलं जाणारं 'एक्स्प्लेन इट टू मी'मधलं 'टू'. 'मला समजाव' म्हणून 'एक्स्प्लेन मी' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला क्षणभर वाटेल की 'मी' हीच समजावण्याची गोष्ट आहे.

'सर्च' दोन्ही प्रकारे चालतं, पण अर्थ बदलतो. 'सर्च द बॅग' म्हणजे बॅगेची झडती घ्या, 'सर्च फॉर द बॅग' म्हणजे हरवलेली बॅग शोधा. पोलिसांबद्दल लिहिताना हा फरक लहान राहत नाही.

## पायरी ३: पुढे माणूस आहे, वस्तू आहे की कृती?

प्रीपोझिशन लागतं हे ठरलं की त्याच्या पुढे काय येणार ते बघा. एकच विशेषण माणसापुढे एक आणि गोष्टीपुढे दुसरं घेतं. घोकलेल्या यादीत 'अँग्री विथ' एवढंच असतं, त्यामुळे हा भाग सुटतो.

'अँग्री'चंच घ्या. माणूस असेल तर 'विथ': 'शी इज अँग्री विथ हर ब्रदर'. गोष्ट असेल तर 'अबाउट' किंवा 'ॲट': 'अँग्री अबाउट द डिले'. माणसाने केलेली कृती असेल तर 'फॉर' आणि आयएनजी: 'अँग्री विथ मी फॉर कमिंग लेट'. अमेरिकन इंग्रजीत माणसापुढेही 'ॲट' येतं, 'अँग्री ॲट हिम', आणि ते तिथे चूक नाही. आपल्याकडच्या परीक्षांत मात्र माणसापुढे 'विथ'च अपेक्षित असतं. 'ऑन' दोन्हीकडे नाही.

'ॲग्री'चे तीन फाटे आहेत. माणसाशी किंवा त्याच्या मताशी 'विथ', समोरून आलेल्या प्रस्तावाला 'टू', आणि दोघांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीवर 'ऑन'. घरमालकाशी बोलताना तिन्ही एका दमात येऊ शकतात: भाडं वाढायला हवं या मताशी तुम्ही 'ॲग्री विथ हिम', त्याच्या अटीला 'ॲग्री टू हिज कंडिशन', आणि शेवटी दोघं 'ॲग्री ऑन द अमाउंट'.

'गुड'चा गोंधळ सर्वांत मोठा, कारण प्रत्येक प्रीपोझिशनगणिक अर्थच फिरतो. कौशल्याला 'ॲट': 'गुड ॲट मॅथ्स', 'गुड ॲट कुकिंग'. हाताळायची हातोटी असेल तर 'विथ': 'गुड विथ चिल्ड्रन'. उपकारक असेल तर 'फॉर': 'गुड फॉर हेल्थ'. आणि चांगलं वागणं असेल तर 'टू': 'शी वॉज गुड टू मी'. गंमत म्हणजे 'कच्चा' या अर्थाच्या 'वीक'पुढे 'इन' चालतं, 'वीक इन मॅथ्स' बरोबर आहे. त्याच्या जोरावर 'गुड इन मॅथ्स' रूढ झालं असावं.

आता 'डिफर'. वस्तू वस्तूपेक्षा वेगळी असेल तर 'फ्रॉम'. कोणत्या बाबतीत वेगळी ते सांगायला 'इन'. कितीने वेगळी ते सांगायला 'बाय'. माणसाशी मतभेद असेल तर 'विथ'. म्हणजे दोन बिलं 'डिफर बाय फिफ्टी रुपीज', दोन साड्या 'डिफर इन कलर', आणि हिशेबनीसाचं म्हणणं पटत नसेल तर 'आय डिफर विथ हिम'. 'दॅन' यात कुठेच येत नाही. 'दॅन'ची जागा 'टॉलर', 'नॅरोअर', 'मोअर'सारख्या तुलनादर्शक रूपांपुढे. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' हे अर्थाने तुलनेचे असले तरी 'टू' घेतात: 'सीनियर टू मी'. 'प्रिफर'ही तसंच: 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

सावध: माणूस आणि गोष्ट दोन्ही असतील तर दोन प्रीपोझिशनं लागतात. 'कम्प्लेन टू द मॅनेजर अबाउट द नॉइज', 'अपॉलजाइझ टू हर फॉर द मिस्टेक'. नुसतं 'कम्प्लेन्ड द मॅनेजर' हे अपुरं आहे.

## पायरी ४: डिक्शनरीत नेमकं कुठे बघायचं

लर्नर्स डिक्शनरीत शब्द उघडल्यावर अर्थावर थांबू नका. अर्थाच्या आसपास ठळक अक्षरांत जोडण्या दिलेल्या असतात. त्यांत `sb` दिसेल, म्हणजे समबडी, माणूस. `sth` म्हणजे समथिंग, गोष्ट. स्क्रीनवर साधारण असं दिसतं:

```
angry with sb about sth
explain sth to sb
```

तिसऱ्या पायरीतला माणूस-गोष्ट हा प्रश्न या दोन खुणांवर थेट बसतो. `explain`पुढे आधी `sth` आणि मग `to sb`, म्हणजे गोष्ट आधी, माणूस नंतर आणि त्याला 'टू'. एखाद्या जोडीवर तिरकी रेघ असेल, जसं `with/at`, तर दोन्ही चालतात. जोडणीच नसेल आणि उदाहरणांत शब्दामागून थेट कर्म येत असेल, तर मध्ये काही घालू नका. एका शब्दाखाली चार-पाच अर्थ असतील तर आपल्या अर्थाचा क्रमांक शोधून त्याच्याखालचीच जोडणी घ्या. 'गुड'खालचं पहिलं दिसलेलं 'फॉर' उचलून गणिताला लावलं तर डिक्शनरी बघून चूक केल्यासारखं होईल.

सावध: बरेचजण डिक्शनरीऐवजी सर्चमध्ये `"discuss about"` टाकतात आणि ढिगाने निकाल आले म्हणून ते बरोबर धरतात. ते निकाल आपल्यासारख्याच लोकांनी लिहिलेले असू शकतात. शिवाय त्यांत 'थिंग्ज टू डिस्कस अबाउट द प्रोजेक्ट'सारखी वाक्यंही येतात. तिथे 'अबाउट' 'थिंग्ज'चं आहे, 'डिस्कस'चं नाही.

## पायरी ५: प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं तर आयएनजी

प्रीपोझिशनपुढे क्रियापद ठेवायचं असेल तर त्याला आयएनजी लागतं. 'इंटरेस्टेड इन लर्निंग', 'केपेबल ऑव्ह डुइंग', 'सक्सीडेड इन फाइंडिंग'. इथवर फारसं कोणी अडत नाही. अडतात ते 'टू'पाशी, कारण 'टू' दोन प्रकारचं असतं. 'आय वाँट टू गो'मधलं क्रियापदाचं, आणि 'आय ऑब्जेक्ट टू धिस'मधलं प्रीपोझिशनचं. दुसऱ्यापुढे आयएनजी हवं.

तपासा: 'टू'नंतर क्रियापदाच्या जागी एखादं नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' नीट लागतं, म्हणून 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'वाँट टू द हॉलिडेज' लागत नाही, म्हणून 'वाँट टू मीट'. 'यूज्ड टू'वर हीच परीक्षा करा: सवय आहे या अर्थी 'आय ॲम यूज्ड टू द नॉइज' लागतं, म्हणून 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट'. पूर्वी करत असे या अर्थाचं 'आय यूज्ड टू वर्क' वेगळं. तिथे मध्ये 'ॲम' नाही आणि आयएनजीही नाही.

## पायरी ६: वाक्य उलटलं तर प्रीपोझिशन हरवलं नाही ना?

सरळ वाक्यात बरोबर लिहिणारेही प्रश्नात आणि जोडवाक्यात ते गाळतात. 'तू कोणावर रागावलायस?' मध्ये 'वर' सुरुवातीलाच येऊन जातो, म्हणून आपण 'हू आर यू अँग्री?' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत ते शेवटी लटकत राहतं: 'हू आर यू अँग्री विथ?' तसंच 'द सब्जेक्ट आय ॲम इंटरेस्टेड इन' आणि 'द हॉटेल वी स्टेड ॲट'. शेवटी प्रीपोझिशन ठेवू नये असं कुणी शिकवलं असेल तर साध्या लेखनापुरतं ते विसरा. कर्मणी प्रयोगातही ते टिकतं: 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन'. 'ॲट बाय' असं लागोपाठ दिसलं की कानाला खटकतं आणि हात एकाला खोडायला जातो. खोडू नका.

## एक पत्र, पायरीपायरीने

कापड पुरवणाऱ्या एखाद्या पेढीचं कापड नमुन्यापेक्षा दोन इंच अरुंद निघालं आणि तिथून वरिष्ठांना हा मजकूर गेला असं समजा:

'वी डिस्कस्ड अबाउट द कम्प्लेंट. द बायर इज अँग्री ऑन अस. द क्लॉथ डिफर्स दॅन द सॅम्पल. ही इन्सिस्टेड टू चेंज द लॉट. वी रिक्वेस्ट फॉर वन वीक. वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.'

पहिलं वाक्य. 'डिस्कस्ड' क्रियापद आहे, पहिल्या पायरीतच 'अबाउट' उडालं: 'वी डिस्कस्ड द कम्प्लेंट'.

दुसऱ्यात पुढे माणसं आहेत, म्हणून 'अँग्री विथ अस'. कशाबद्दल तेही सांगायचं तर शेवटी 'अबाउट द विड्थ' जोडा.

तिसऱ्यात 'डिफर्स फ्रॉम द सॅम्पल'. पण व्यापारात एवढ्याने भागत नाही, किती आणि कशात ते हवं. 'डिफर्स फ्रॉम द सॅम्पल इन विड्थ बाय टू इंचेस' व्याकरणाने ठीक आहे, पण वाचताना जड जातं, आणि कापड रुंद आहे की अरुंद ते कळतच नाही. मी इथे 'इज टू इंचेस नॅरोअर दॅन द सॅम्पल' लिहीन. 'नॅरोअर' आल्यामुळे आता 'दॅन' हक्काने येतं.

चौथ्यात 'इन्सिस्ट'ला 'ऑन' हवं आणि त्यापुढे आयएनजी: 'इन्सिस्टेड ऑन चेंजिंग द लॉट'. रूप बरोबर झालं, पण अर्थ बघा. यात माल बदलणारा ग्राहकच ठरतो, आणि बदलून द्यायचाय आपल्याला. म्हणून 'ही इन्सिस्टेड दॅट वी चेंज द लॉट'. प्रीपोझिशन सुधारल्यावर कर्ता कोण राहिला हे पाहायला हवं ते यासाठी.

पाचव्यात 'फॉर' काढून 'वी रिक्वेस्ट वन वीक' उरतं. बरोबर आहे, पण तुटक वाटतं. 'फॉर' ठेवायचंच असेल तर क्रियापद बदला: 'वी वुड लाइक टू आस्क फॉर वन मोअर वीक'. शेवटचं वाक्य पाचव्या पायरीतलं: 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'.

## वहीत नोंद कशी करायची

'अँग्री = विथ' अशी नोंद करू नका, ती दोन दिवसांत पुसली जाते. पुढचं कर्म धरून तुमच्याच कामातला तुकडा लिहा: 'अँग्री विथ द बायर', 'अँग्री अबाउट द बिल'. दोन प्रीपोझिशनं घेणाऱ्या शब्दाचे दोन्ही तुकडे शेजारी असू द्या. दिवसाला तीन-चार तुकडे पुरे. दुसऱ्या दिवशी इंग्रजी बाजू झाका, मराठी वाक्य मोठ्याने म्हणा आणि इंग्रजी तुकडा न बघता लिहा. मराठीतूनच सुरुवात करा, कारण प्रत्यक्षातली घसरणही तिथूनच सुरू होते. जो तुकडा पुन्हा चुकेल त्याच्यापुढे फुली मारा. एखाद्या पानावर फुल्या गर्दी करू लागल्या तर तो तुमचा खरा त्रासदायक प्रत्यय. पुढचं पत्र पाठवण्याआधी निदान त्या प्रत्ययाची वाक्यं तरी शोधून तपासा.

परीक्षेत डिक्शनरी नसते आणि तरी शंका येते. रिकामी जागा भरायची असेल तर आठवेल ते लिहावंच लागेल. पण निबंध किंवा पत्र असेल तर वाक्य बदलायची मुभा तुमच्याकडे असते. 'डिफर'पुढे काय ते आठवत नसेल तर 'इज नॉट द सेम ॲज' लिहा. 'केपेबल'पाशी अडलात तर 'कॅन' वापरा. 'रिप्लाय'ला 'टू' की काय अशी शंका आली तर 'ॲन्सर' घ्या, त्याच्यापुढे काहीच लागत नाही.